दुसरीकडे ऑफर घेतली, आता इकडचा अर्ज मागे कसा घ्यायचा

पहिली नोकरी शोधत होतो तेव्हा माझं एकाच वेळी तीन ठिकाणी चालू होतं. एकीकडून ऑफर आली, मी सही केली, सगळ्यांना सांगून झालं आणि उरलेल्या दोन ठिकाणी कळवायचं राहिलं. राहिलं म्हणजे खरं सांगायचं तर मी टाळलं, कारण काय लिहायचं ते सुचत नव्हतं आणि वाटलं की आपण गप्प बसलो की त्यांचं त्यांना कळेलच. त्यातल्या एका ठिकाणी शुक्रवारी अकराला माझा इंटरव्ह्यू होता, तीन माणसं कॉलवर येऊन बसली, मला दोन मिस्ड कॉल आले आणि मी फोन उलटा ठेवून दिला. दोन वर्षांनी तिथेच एक चांगली जागा निघाली म्हणून अर्ज केला, रिक्रूटर नवीन होती, पण पहिल्याच कॉलला म्हणाली, "तुमच्या नावापुढे आधीची नोंद दिसतेय, इंटरव्ह्यूला आले नव्हते असं." माणसं बदलली तरी सिस्टीममधली ती एक ओळ तशीच होती.

तर हा लेख त्या टप्प्याबद्दल आहे जिथे तुम्ही एक ऑफर स्वीकारलीय आणि दुसरीकडे तुमची प्रोसेस अर्ध्यात आहे, एकदोन राउंड झालेत, पुढचा ठरलाय, पण त्यांनी अजून ऑफर दिलेली नाही. नुसता अर्ज टाकला असेल आणि तिकडून कुणी काही बोललंच नसेल तर एवढा विचार करायची गरज नाही, पोर्टलवर जाऊन `Withdraw` चं बटण दाबा आणि सोडून द्या. आणि जिथे ऑफर स्वीकारून झालीय तिथून माघार घ्यायची असेल तर ते प्रकरण पूर्ण वेगळं आहे, ते इथे घेत नाही.

आधी तुमची ऑफर खरंच पक्की आहे का बघा

नवीन लोक इथे घाई करतात. फोनवर एचआर म्हणाले "काँग्रॅट्स, तुम्ही सिलेक्ट झालात, लेटर पाठवतो" की लगेच बाकी सगळीकडे नाही म्हणून मोकळे होतात. फोनवरची ऑफर ही ऑफर धरू नका. लेटर हातात यायला हवं, त्यात पद, पगार आणि जॉइनिंगची तारीख लिहिलेली हवी, तुम्ही सही करून परत पाठवलेलं हवं आणि "मिळालं" असं तिकडून उत्तर आलेलं हवं. लेटर आणि फोन यांच्यामध्ये बजेट थांबतं, मंजुरी अडकते, असं अधूनमधून होतं आणि त्यात कुणाचा वाईट हेतूही नसतो, पण तोपर्यंत तुम्ही बाकीची दारं बंद केलेली असतात.

लेटर नीट शेवटपर्यंत वाचा. बऱ्याचदा त्यात अटी असतात, म्हणजे बॅकग्राउंड चेक झाल्यावर, मेडिकल झाल्यावर, आधीच्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर दिल्यावरच ऑफर कायम. तुमचे कागद सरळ असतील तर यासाठी थांबायची गरज नाही. पण कुठे काही अडकण्यासारखं असेल, उदाहरणार्थ डिग्रीचं सर्टिफिकेट अजून हातात नाही किंवा जुन्या नोकरीच्या तारखा पुढेमागे लिहिल्या गेल्यात, तर तेवढं आधी मार्गी लावा. मधल्या काळात दुसरीकडचा राउंड तोंडावर आला तर खोटा ताप आणू नका. "माझा एका ठिकाणचा निर्णय या आठवड्यात होतोय, राउंड पुढच्या बुधवारी घेता येईल का?" असं सरळ विचारता येतं. रिक्रूटरला ही भाषा रोजची असते. काही जण मग त्यांचीच प्रोसेस घाईने उरकायला बघतात, तोही धोका लक्षात ठेवूनच विचारा.

सही झाली की एका दिवसात कळवा

पुढे कधी तिथे परत जायचा दरवाजा उघडा राहणं हे मेलच्या गोडव्यापेक्षा वेळेवर जास्त अवलंबून असतं, असं माझं ठाम मत आहे. कारण पलीकडे काय चाललेलं असतं ते बघा. तुमच्या राउंडसाठी रिक्रूटरने दोनतीन सिनियर लोकांच्या कॅलेंडरमधून महत्प्रयासाने एक तास काढलेला असतो. शिवाय तुमच्यामागे एक दुसरा कँडिडेट थांबवून ठेवलेला असतो, ज्याला ना हो सांगितलंय ना नाही, आणि तोही दुसरीकडे बघत असतो. तुम्ही तीन दिवस आधी सांगितलं तर तो तास त्याला देता येतो, तीन तास आधी सांगितलं तर तास फुकट, आणि सांगितलंच नाही तर रिक्रूटरला पॅनेलसमोर मान खाली घालावी लागते. तुमची आठवण कुठल्या रंगाची राहते ते इथेच ठरतं.

राउंडला दोन दिवस किंवा जास्त असतील तर मेल पुरतो. त्याहून कमी असतील तर आधी फोन, मग मेल, कारण मेल कधी उघडला जाईल याचा भरवसा नसतो. फोन उचलला नाही तर दोन ओळींचा मेसेज टाका, "शुक्रवारच्या राउंडला मी येऊ शकणार नाही, अर्ज मागे घेतेय, मेल पाठवलाय," एवढाच.

कुणाला आधी, कुणाला नंतर

तुम्हाला कुणी रेफर केलं असेल तर पहिलं त्या माणसाला सांगा, रिक्रूटरच्याही आधी. त्याने तुमच्यासाठी स्वतःचं नाव पुढे केलेलं असतं आणि उद्या कँटीनमध्ये मॅनेजरने त्याला "अरे, तुझा तो मुलगा गेला की" असं म्हटल्यावर त्याला ते तिथेच पहिल्यांदा कळणं फार वाईट. त्याला सांगायचं म्हणजे परवानगी मागायची नाही, फक्त दहा मिनिटं आधी कळवायचं.

कन्सल्टन्सीतर्फे गेला असाल तर कन्सल्टन्सीलाच सांगा, त्यांना वगळून कंपनीला परस्पर मेल केलात तर दोघांमधल्या व्यवहारात तुम्ही उगाच मध्ये येता. मॅनेजरचे आभार मानायचे असतील तर तेही आधी कन्सल्टन्सीला विचारूनच.

थेट अर्ज असेल तर रिक्रूटर. आणि नवीन मेल उघडू नका, ज्या मेलमध्ये इंटरव्ह्यूचं बोलणं चाललंय त्यालाच उत्तर द्या, म्हणजे आधीचा सगळा इतिहास खाली दिसतो आणि रिक्रूटर सुट्टीवर असली तरी तिच्या जागी बसलेल्या माणसाला तुम्ही कोण ते कळतं. मॅनेजर त्या मेलमध्ये आधीपासून असतील तर त्यांना ठेवा. इंटरव्ह्यूची वेळ कुठल्यातरी ऑटोमॅटिक पत्त्यावरून आली असेल, ज्यात `noreply` असं लिहिलेलं असतं, तर त्याला उत्तर देऊन काही होत नाही, ते कुणी वाचत नाही, शोधून माणसाचा पत्ता काढा.

पोर्टलवरचं बटण सगळ्यात शेवटी. बरेच जण उलटं करतात, आधी बटण दाबतात आणि मग निवांत मेल लिहायला बसतात. मधल्या वेळात रिक्रूटरला तुमची माघार मशीनकडून कळलेली असते, आणि काही सिस्टीममध्ये एकदा मागे घेतलेला अर्ज त्याच जागेसाठी पुन्हा टाकता येत नाही, त्यामुळे हात सटकला तर सटकला. तर माणसाचं उत्तर आल्यावर बटण दाबा, किंवा दोन दिवस वाट बघून दाबा, पण दाबा मात्र नक्की, कारण नुसतं मेलवर राहिलं आणि सिस्टीममध्ये अर्ज चालूच दिसला तर महिन्याभराने तुम्हाला "नामंजूर" असा ऑटोमॅटिक मेल येऊ शकतो आणि नोंदही तशीच पडते. स्वतःहून मागे घेतलेला आणि नामंजूर केलेला, हे दोन वेगळे शेरे आहेत. काही ठिकाणी नामंजूर झालेल्याला ठरावीक महिने पुन्हा अर्ज करता येत नाही.

कॅलेंडरमध्ये आलेलं इंटरव्ह्यूचं आमंत्रणही डिक्लाइन करायला विसरू नका. मेल न बघितलेल्या पॅनेलवाल्याला निदान तिथून तरी कळतं.

मेल, एका खऱ्या केसवरून

माझी एक ज्युनियर मागे याच अडचणीत होती. मंगळवारी तिने एकीकडचं लेटर सही करून पाठवलं आणि दुसरीकडे शुक्रवारी अकराला तिसरा राउंड होता, तो पण टीम हेडबरोबर. बुधवारी सकाळी तिने मला मेलचा ड्राफ्ट पाठवला, तो असा होता:

"आदरणीय मॅडम, अत्यंत खेदाने कळवावे लागत आहे की काही अपरिहार्य कारणास्तव मी शुक्रवारच्या फेरीस उपस्थित राहू शकणार नाही. मला दुसरीकडे अपेक्षेपेक्षा चांगल्या पगाराची संधी मिळाली आहे. आपल्याकडील प्रक्रिया थोडी लांबली, अन्यथा मी नक्कीच विचार केला असता. झालेल्या गैरसोयीबद्दल पुन्हा पुन्हा क्षमस्व. भविष्यात काही संधी असल्यास जरूर कळवावे."

नम्र आहे की, म्हणाल. पण रिक्रूटरच्या जागी बसून वाचा. पहिल्या वाक्यात फक्त शुक्रवारी येणार नाही एवढंच कळतं, त्यामुळे ती म्हणणार आजारी असेल, आणि "सोमवारी घेऊया का?" असं उत्तर पाठवणार. अर्ज मागे घेतेय हे शब्द अख्ख्या मेलमध्ये कुठेच नाहीत. पगाराचा उल्लेख आला की वाचणाऱ्याला वाटतं ही घासाघीस करायला बसलीय. प्रोसेस लांबली हे खरं असेलही, पण जाताजाता मारलेला टोमणाच तेवढा लक्षात राहतो, बाकीची नम्रता वाहून जाते. माफी इतकी की काहीतरी गुन्हा केल्यासारखं वाटावं, ऑफर घेणं हा गुन्हा नाही. आणि शेवटचं "जरूर कळवावे" म्हणजे पुढचं काम तिने त्यांच्याच गळ्यात टाकलं, जे कुणी कधी करत नाही.

आम्ही बसून तो असा केला:

"विषय: अर्ज मागे घेत आहे, डेटा अ‍ॅनालिस्ट, शुक्रवार ११ चा राउंड

नमस्कार मॅडम,

डेटा अ‍ॅनालिस्ट पदासाठीचा माझा अर्ज मी मागे घेत आहे. काल मी दुसऱ्या ठिकाणची ऑफर स्वीकारली. शुक्रवारचा अकराचा राउंड कृपया रद्द करावा, ती वेळ दुसऱ्या कुणाला देता यावी म्हणून आजच कळवते आहे.

दुसऱ्या राउंडमध्ये सरांनी दोन रिपोर्टचे आकडे एकमेकांशी का जुळत नाहीत ते शोधायला दिलं होतं. त्यावर आमचं जे बोलणं झालं त्यातून मला बरंच कळलं. अशा कामासाठी पुढे तुमच्या टीममध्ये जागा निघाली तर मी नक्की पुन्हा अर्ज करेन.

असाइनमेंटसाठी दिलेली डेटाची फाइल मी माझ्या लॅपटॉपवरून काढून टाकली आहे. तुम्ही आणि सरांनी वेळ दिलात, आभारी आहे."

खाली नाव आणि फोन नंबर. बस.

यात लक्ष द्यायची जागा म्हणजे दुसरा परिच्छेद. "तुमच्या कंपनीबद्दल मला खूप आदर आहे" असं वाक्य कुणीही कुणालाही पाठवू शकतं आणि रिक्रूटर दिवसातून दहा वेळा वाचते. आकडे न जुळणाऱ्या दोन रिपोर्टची गोष्ट मात्र एकाच कँडिडेटची आहे, ती वाचल्यावर सरांना तिचा चेहरा आठवणार. तुमच्या इंटरव्ह्यूत असा काहीतरी प्रश्न, एखादं उदाहरण, एखादं डिस्कशन झालेलं असेलच, ते एक उचला. काहीच आठवत नसेल तर तो परिच्छेद सरळ गाळा, ओढूनताणून लिहिलेलं कळतं.

फाइल डिलीट केल्याची ओळ मी मुद्दाम घालायला लावली. असाइनमेंट म्हणून त्यांनी तुम्हाला काही दिलं असेल, डेटा, लॉगिन, डॉक्युमेंट, तर ते आता तुमच्याकडे राहण्याचं कारण उरत नाही, विशेषतः तुम्ही त्याच क्षेत्रातल्या दुसऱ्या कंपनीत चालला असाल तर. त्यांनी प्रवासाचं तिकीट काढलेलं असेल तर तेही लगेच सांगा, रद्द करता येत असेल तर पैसे वाचतील. आणि लिहिताय तर खरंच डिलीट करा हो.

मेल ज्या भाषेत चाललेत त्याच भाषेत लिहा, मराठीच हवं असं काही नाही. मात्र सांगाडा हाच ठेवा: निर्णय पहिल्या वाक्यात, कारण एका ओळीत, मग काम मोकळं करणारी माहिती, मग एक खरी आठवण.

फोन आला तर

मेल गेल्यावर बऱ्याचदा रिक्रूटरचा फोन येतो आणि नवीन मुलं इथे गडबडतात. ज्युनियरलाही दुपारी आला. पहिला प्रश्न, "कुठे जॉइन होताय?" सांगायचं बंधन नाही, आणि जॉइन होईपर्यंत न सांगितलेलंच बरं. ती म्हणाली, "जॉइन झाले की सांगते मॅडम, सध्या नाव घेत नाहीये, काम साधारण याच प्रकारचं आहे." मॅडमनी परत विचारलं नाही. दुसरा प्रश्न पगाराचा असतो, त्याला "आकडा नको सांगायला, पण फक्त पैशामुळे नाही घेतला निर्णय" एवढं पुरतं, तेही खरं असेल तरच म्हणा, नाहीतर पहिला अर्धा भाग बोलून थांबा.

तिसरा प्रश्न खरा अवघड, "आम्ही तेवढं दिलं तर थांबाल का?" याचं उत्तर फोन उचलायच्या आधी ठरलेलं पाहिजे. तुमच्या मनात "बघू, कदाचित" असेल तर तुम्ही अजून अर्ज मागे घ्यायच्या अवस्थेत नाही, मेल पाठवायलाच नको होता. सही झालीय म्हणजे तिकडे शब्द दिलाय, आता इकडे "किती देताय?" विचारलं की तिकडची माणसं गेली आणि इकडच्यांनाही कळलं की सही केल्यावरही तुम्ही हलता. तिने सांगितलं, "नाही मॅडम, तिकडे हो म्हटलंय मी, आता बदलणार नाही." यानंतर समोरचा आवाज सैल पडतो, बघा. मॅडम म्हणाल्या, ठीक आहे, वेळेत सांगितलंत ते बरं झालं, शुक्रवारी मी दुसऱ्या मुलाला बोलावते.

माझ्या माहितीत उलटंही झालंय. एकाने पगार वाढवून मिळावा म्हणून खोटंच "अर्ज मागे घेतोय" असं लिहिलं, रिक्रूटरने "ओके, शुभेच्छा" उत्तर देऊन अर्ज बंद केला, आणि हा बसला दुसऱ्या दिवशी फोन करत. माघारीचा मेल हा खेळायचा पत्ता नाही.

काही जणांचं उत्तर तुटक येतं, "नोटेड." किंवा येतच नाही. रागावलेत असं धरू नका, बहुतेक वेळा दिवसाला असे चार मेल येतात म्हणून तसं असतं. स्पष्टीकरणाचा दुसरा मेल पाठवू नका. एकच अपवाद, राउंड दुसऱ्या दिवसावर आला आणि अजून उत्तर नाही, तर एक फोन करून राउंड खरंच रद्द झालाय ना एवढी खात्री करून घ्या.

नंतरचं

दार उघडं ठेवायचं काम बरेच जण मेलबरोबरच संपलं समजतात. त्याच दिवशी स्वतःसाठी एक नोंद करा: कुठलं पद, कोण रिक्रूटर, कोण मॅनेजर, किती राउंड झाले, काय विचारलं, कुठल्या तारखेला माघार घेतली. वर्षभराने यातलं काही आठवत नाही आणि परत जाताना नेमकं हेच लागतं. मॅनेजरशी बोलणं चांगलं झालं असेल तर लिंक्डइनवर रिक्वेस्ट पाठवायला हरकत नाही, पण जॉइन झाल्यावर, आणि आधी रिक्रूटरला सांगितलेलं आठवून, म्हणजे "जॉइन झाले की सांगते" म्हटलं असेल तर खरंच दोन ओळी टाका, अमुक ठिकाणी जॉइन झाले म्हणून. दर महिन्याला "नमस्कार, काही ओपनिंग?" असं मात्र नको.

आणि नवीन नोकरी पहिल्याच महिन्यात बिनसली तर? तेव्हाही परत जाता येतं, जागा भरली गेली असेल एवढंच. कारण सांगताना नव्या कंपनीच्या तक्रारी मांडत बसू नका. सांगितलं होतं त्यापेक्षा काम वेगळं निघालं, असं असेल तर तेवढंच सांगा.

त्या ज्युनियरला साधारण दीड वर्षाने परत जावंसं वाटलं. तिने नवीन मेल लिहिला नाही, जुन्याच मेलला उत्तर दिलं: "मॅडम, मागे मी तिसऱ्या राउंडच्या आधी अर्ज मागे घेतला होता, खाली मेल आहेच. आता तुमच्याकडे सिनियर अ‍ॅनालिस्टची जागा दिसली. मधल्या काळात मी रिपोर्टिंगचंच काम केलंय, सीव्ही जोडलाय." मॅडम तेव्हा दुसऱ्या टीममध्ये गेल्या होत्या. त्यांनी तो मेल नव्या रिक्रूटरकडे आणि सरांकडे फॉरवर्ड केला, वर फक्त एवढंच लिहून की हिचा शेवटचा राउंड राहिला होता.